काय-स्क्वेअरच्या आकड्याखाली काय लिहायचं?

समाजशास्त्राच्या प्रकल्पात काय-स्क्वेअरचं गणित संगणक करून देतो. विद्यार्थ्याला स्वतःला लिहावं लागतं ते त्याखालचं वाक्य, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. हे समजून घ्यायला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या १९७३ सालच्या प्रवेशांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तिथल्या सहा मोठ्या विभागांत पदव्युत्तर प्रवेशासाठी २६९१ पुरुषांनी अर्ज केले आणि त्यांतल्या ११९८ जणांना प्रवेश मिळाला. १८३५ स्त्रियांपैकी प्रवेश मिळाला ५५७ जणींना. म्हणजे पुरुषांत साधारण ४५ टक्के, स्त्रियांत ३० टक्के. लिंग आणि प्रवेश यांचा काही संबंध आहे की हा फरक निव्वळ योगायोगाचा, हा आपला प्रश्न.

चाचणी सुरुवातीला संबंध नाही असंच धरून चालते. सगळे मिळून ४५२६ अर्जदार, त्यांतले १७५५ यशस्वी, म्हणजे सुमारे ३९ टक्के. लिंगाचा काहीच संबंध नसता तर हेच प्रमाण दोन्हीकडे दिसलं असतं आणि साधारण १०४३ पुरुषांना प्रवेश मिळाला असता. ही झाली अपेक्षित संख्या. प्रत्यक्षात मिळाले ११९८, म्हणजे जवळपास १५५ जास्त. तक्त्याच्या चारही चौकटींत हा फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला त्या चौकटीच्या अपेक्षित संख्येने भागायचं आणि चारही उत्तरांची बेरीज करायची. इथे ती ९२.२ येते. दोन ओळी, दोन स्तंभांच्या तक्त्यात ३.८४ च्या पुढची बेरीज योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात पाचांहूनही कमी असते. ९२ तर फारच पुढे आहे.

चौकटींत माणसांची मोजदाद भरायची असते, टक्के नव्हेत. टक्के भरले तर संगणक तक्रार न करता उत्तर देतो, पण ते जणू दर गटात शंभरच माणसं होती असं समजून दिलेलं असतं. एखाद्या चौकटीची अपेक्षित संख्या पाचाखाली गेली तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी फिशरची चाचणी वापरतात. आणि पडद्यावर पी ०.००० दिसला म्हणून शून्य लिहू नये, ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहावं.

आता वाक्य. ‘काय-स्क्वेअर ९२ आहे, म्हणून संबंध फार घट्ट आहे’ असं पुष्कळ जण लिहितात. ते बरोबर नाही. तक्त्यातली प्रत्येक संख्या दुप्पट केली तर टक्केवारी तीच राहते, पण काय-स्क्वेअर दुप्पट होतो. संबंध किती घट्ट हे सांगायला त्या आकड्याला एकूण माणसांनी भागून वर्गमूळ काढतात. त्याला फाय म्हणतात. इथे तो ०.१४ आहे, म्हणजे संबंध आहे, पण सौम्य.

‘विभागांनी स्त्रियांवर अन्याय केला हे सिद्ध झालं’ हे दुसरं वाक्य अधिक धोक्याचं. बिकेल, हॅमेल आणि ओ’कॉनेल यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये या प्रवेशांचा विभागवार हिशोब मांडला, तेव्हा चित्र पालटलं. ‘अ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात ६२ टक्के पुरुषांना प्रवेश मिळाला होता, आणि स्त्रियांपैकी ८२ टक्क्यांना. सर्वांत कठीण विभागात पुरुष ६ टक्के, स्त्रिया ७ टक्के. तिथला काय-स्क्वेअर जेमतेम ०.४ येतो. मग एकत्रित तक्त्यात स्त्रिया मागे कशा पडल्या? प्रवेश सहज मिळणाऱ्या दोन विभागांकडे निम्म्याहून अधिक पुरुषांनी अर्ज केले होते. स्त्रियांचे तिथले अर्ज सातच टक्के होते. बाकीच्या स्त्रिया जिथे बहुतेकांना नकारच मिळतो अशा विभागांकडे गेल्या होत्या.

म्हणून माझ्या मते प्रकल्पात असं लिहावं: ‘सहा विभाग एकत्र धरले तर पुरुषांपैकी ४५ टक्के व स्त्रियांपैकी ३० टक्के अर्जदारांना प्रवेश मिळाला. लिंगाचा प्रवेशाशी संबंध नसता तर एवढा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती. मात्र हा संबंध सौम्य आहे, आणि विभागवार पाहिल्यास स्त्रिया सगळीकडे मागे आहेत असं दिसत नाही.’ आधी टक्के, मग चाचणी, मग मर्यादा. काय-स्क्वेअरचा आकडा आणि पी कंसात दिले तरी चालतात.

यावरून बर्कलीत भेदभाव नव्हताच असंही म्हणता येत नाही. स्त्रिया गर्दीच्या विषयांकडे वळतात त्यामागे त्यांचं संगोपन आणि आधीचं शिक्षण आहे, असं त्या तिघा संशोधकांनीच म्हटलं होतं. ते तपासायचं तर प्रवेशांचा तक्ता पुरणार नाही. मुलींनी शाळेत कोणते विषय घेतले, किती जणींनी गणित सोडलं, याची वेगळी मोजदाद लागेल.