गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं का?

ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बहुतांशी रेपो दराला जोडलेली आहेत. त्यावर बँक आपलं मार्जिन लावते. रेपो उतरला की दर उतरतो, पण जुन्या कर्जदाराचं मार्जिन तसंच राहतं. फिक्स्ड दरात हप्ता हलत नाही, मात्र ती निश्चिंती बहुधा महाग पडते.

समजा, 30 लाख बाकी आहेत आणि 15 वर्षं उरली आहेत. दर 9 वरून साडेआठ टक्के झाला, तर हप्ता सुमारे 885 रुपयांनी घटेल. प्रक्रिया शुल्क, मुद्रांक, वकील यांत 30 हजार गेले, तर ते भरून यायला जवळपास तीन वर्षं लागतील. म्हणून आधी आपल्याच बँकेकडे मार्जिन कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा. बऱ्याचदा थोड्या शुल्कात काम होतं. नव्या बँकेनं मुदत पुन्हा 20 वर्षं केली, तर हप्ता लहान दिसेल, पण एकूण व्याज वाढेल.