सोनेरी लायकाच्या पोटात झोर्की

सोन्याचा मुलामा, त्यावर वळणदार अक्षरांत ‘लायका’, खाली ‘एर्न्स्ट लायत्स, वेत्झलार’, शेजारी गरुड आणि ‘लुफ्तवाफ’ हे जर्मन हवाई दलाचे नाव. क्रमांकावरून कॅमेरा १९३६चा ठरतो, किंमत मात्र आश्चर्य वाटावे इतकी कमी. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात असा नग वारंवार येतो आणि बहुतेक वेळा तो जर्मन नसतोच. आतमध्ये सोव्हिएत झोर्की किंवा फेड असतो.

या सोंगाचे मूळ खऱ्या इतिहासात आहे. लायत्स कंपनीचा ‘लायका टू’ १९३२मध्ये आला. खारकीव्हच्या कामगार वसाहतीत १९३४पासून त्याचीच नक्कल ‘फेड’ या नावाने बनू लागली. १९४८मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने तोच साचा ‘झोर्की’ म्हणून काढला. त्या नकला उघड होत्या, स्वतःच्या नावाने विकल्या जात. लबाडी झाली ती पुढे. कुणीतरी झोर्कीचे नाव घासून काढले, लायकाचे कोरले आणि कॅमेऱ्याला सोनेरी किंवा काळा रंग चढवला.

ओळख पटवायला नाव आणि क्रमांक फारसे उपयोगाचे नाहीत, कारण कोरणाऱ्याने तेवढ्यावरच मेहनत घेतलेली असते. विक्रेत्याकडून सर्वांत आधी मागावा तो लेन्स काढलेल्या कॅमेऱ्याचा, समोरून घेतलेला फोटो. लेन्स बसते त्या गोल तोंडात वरच्या बाजूला एक छोटा दांडा दिसतो. लेन्स मागेपुढे सरकली की तो हलतो आणि रेंजफाइंडरला अंतर कळवतो. लायकात या दांड्याच्या टोकाला बारीक फिरते चाक असते, तर फेड आणि झोर्कीत त्या जागी उतरता, भरीव धातूचा तुकडा. नाव बदलणारा इतक्या आत सहसा शिरत नाही. तरीही चाक दिसले म्हणून लगेच पैसे मोजू नयेत. फसवणारा कसबी असेल तर तेही बसवू शकतो.

दुसरा फोटो तळाचा. फिल्म भरायला उघडायच्या किल्लीपाशी लायकावर ‘आउफ’ आणि ‘त्सू’, म्हणजे उघडा आणि बंद करा, असे जर्मन शब्द असतात. सोव्हिएत कॅमेऱ्यावर तिथे रशियन अक्षरे असतात आणि सोंग सजवताना अनेकदा ती तशीच राहून जातात.

आता त्या सोनेरी नगाकडे वळू. लायत्सने सोनेरी ‘लक्सस’ कॅमेरे खरोखर काढले होते, पण ते मुख्यतः पहिल्या लायकाचे, म्हणजे अंगभूत रेंजफाइंडर नसलेले. रेंजफाइंडर असलेले सोनेरी लायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. हवाई दलाच्या लायकांमध्ये बहुतांश १९४०नंतरचे ‘थ्री सी’ आढळतात आणि त्यांच्यावर सोन्याचा थाट नसतो. सोने, गरुड आणि १९३६ एकाच अंगावर आले, तर कोरणाऱ्याने ग्राहकाला हवे ते सगळे एकदम देऊन टाकले आहे, असे समजावे. १९३६च्या ऑलिंपिकची पाच वर्तुळे कोरलेले नगही याच जातीचे.

क्रमांकाची गोष्ट मात्र सरळ नाही. जुन्या लायकावर तो वरच्या झाकणावर कोरलेला असतो, त्यामुळे झाकण बदलले की क्रमांकही बदलतो. झाकण आणि कॅमेरा मुळात एकत्र होते का, हे क्रमांकाच्या यादीतून कळत नाही. उलट, पहिल्या लायकाच्या काळातला क्रमांक आणि खाली रेंजफाइंडर अशी विसंगती दिसली, तर तो नकली असेलच असेही नाही. लायत्स स्वतः ग्राहकांचे जुने कॅमेरे नव्या नमुन्यात बदलून देत असे आणि मूळ क्रमांक कायम ठेवत असे. अशा वेळी निकाल देण्याची घाई नको.

रंगाची फसवणूक आणखी अवघड, कारण तिथे कॅमेरा खरा असतो. १९५४चा ‘एम थ्री’ बहुतेक क्रोममध्येच विकला गेला. काळ्या रंगातले थोडे असल्याने त्यांना कितीतरी जास्त भाव मिळतो, म्हणून क्रोमचे काळे केले जातात. ९५९४०१ ते ९५९५०० ही १९५९ची काळी तुकडी संग्राहकांना ठाऊक आहे. क्रमांक अशा ज्ञात तुकडीत बसत नसेल, तर संशय घ्यावा. मग तिरप्या उजेडातला जवळचा फोटो मागावा. मूळ काळा रंग झिजला की पिवळे पितळ दिसते. क्रोमवरच रंग चढवला असेल, तर कोपऱ्यात चंदेरी चमक येते. क्रोम आधी काढून टाकले असेल, तर हा पुरावा राहत नाही. मग अक्षरांच्या कडा पाहाव्यात. नव्या रंगाने त्या बोथट होतात. स्क्रूच्या खाचांत रंग भरला आहे का, आणि जिथे बोट कधी लागत नाही तिथेही झीज दाखवली आहे का, हेही तपासावे. विक्रेत्याने हे फोटो द्यायला टाळाटाळ केली, तर किंमत क्रोमच्या कॅमेऱ्याची धरावी.