तिच्या यशाचं सांदण

मोठ्या परीक्षेचा निकाल लागला की घरात पेढे येतात, हार येतो, कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो जातो. यात वाईट काही नाही. पण शेजारच्या घरातही हेच होतं. जोडीदाराला खास आपलं वाटावं असं काही करायचं, तर मिळालेलं पद क्षणभर बाजूला ठेवून ते मिळवताना काय काय सोडावं लागलं, ते आठवून पाहावं.

रत्नागिरीकडच्या आमच्या ओळखीच्या एका घरातली वकील सून तिसऱ्या प्रयत्नात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी निवडली गेली. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत, असे लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेचे तीन टप्पे. फजरनंतर मुलं उठेपर्यंत ती अभ्यास करायची. दोन वर्षं ईदलाही माहेरी गेली नाही. अम्मीच्या हातचं सांदण चुकलं, एवढंच एकदा बोलून गेली होती.

नवऱ्याने नेमकं तेच धरलं. चहापलीकडे स्वयंपाकघराशी संबंध नसलेल्या या दुकानदाराने सासूबाईंना फोन करून कृती लिहून घेतली. दोन वाट्या इडली रवा धुऊन दोन तास भिजवायचा. पाणी निथळून त्यात एका नारळाचं दाट, कोमट दूध, पाऊण वाटी साखर, चिमूटभर मीठ आणि पाऊण चमचा यीस्ट घालायचं. पीठ फुगलं की तूप लावलेल्या वाट्या अर्ध्याच भरून पंधरा मिनिटं वाफवायच्या.

वासाने बिंग फुटू नये म्हणून सराव मित्राच्या घरी केला. पहिला घाणा फसला. पीठ दुपारभर तसंच राहिलं, त्याला आंबूस वास आला आणि सांदणं मधोमध खचली. सासूबाई म्हणाल्या, घड्याळ बघू नका, पीठ बघा. फुगून वर बुडबुडे दिसले की लगेच वाफेवर ठेवा. दुसऱ्या खेपेला ती कापसासारखी झाली.

निकालाच्या दिवशी मात्र त्याने काहीच केलं नाही. तो दिवस फोन घेण्यातच जातो. शिवाय बातमी तिची होती. कुणाला कधी सांगायची ते तिने ठरवावं, म्हणून ग्रुपवरही तो गप्प राहिला. (इथे बरेच नवरे घाई करतात.) पाहुण्यांची गर्दी तिला आवडत नाही, तेव्हा बोलावलं फक्त अम्मीला, आणि तिला आदल्या रात्री मित्राकडे उतरवलं.

रविवारी फजरनंतर ती सवयीने अभ्यासाच्या टेबलाशी गेली. पुस्तकांच्या जागी झाकलेलं ताट, बाजूला नारळाच्या दुधाची वाटी, आणि खुर्चीत अम्मी. रडणं-हसणं झाल्यावर तिने एक सांदण तोडून तोंडात टाकलं.

"अम्मी, हे तुझ्या हातचं नाही."

अम्मीने जावयाकडे बोट दाखवलं.