प्रश्नच कळला नाही तर?

करकंबमध्ये आम्ही मुलींचा इंग्रजी बोलण्याचा सराव घेतो. नर्सिंग झालेल्या किंवा बाहेरदेशी शिकायला निघालेल्या मुलींना बऱ्याचदा आयेल्ट्स ही परीक्षा द्यावी लागते. तिच्यात परीक्षकासमोर 11 ते 14 मिनिटं बोलायचं असतं. मुली उत्तरं घोकून जातात, पण प्रश्नच कळला नाही तर काय करायचं, याची तयारी कुणी करत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

आधी गुण कशाला मिळतात ते पाहू. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टी सारख्याच वजनाने तपासतात. ऐकून समजण्याची परीक्षा वेगळी असते. म्हणून एखाद्या वेळी नीट विचारून घेतलं, तर तेवढ्यासाठी गुण कापले जात नाहीत. नुकसान होतं ते गप्प बसल्याने, नाहीतर न कळलेल्या प्रश्नाला मान डोलवून भलतंच बोलत सुटल्याने. आपल्याकडे मोठ्या माणसापुढे न कळताही ‘हो हो’ म्हणायची सवय असते. ती तिथे नडते. अर्थात प्रत्येक प्रश्नाला थांबून विचारलं तर ओघ तुटतोच.

आता विचारायचं कसं? इथे आपली मराठी आडवी येते. ‘परत सांगा’ म्हटलं की ‘सांगा’ या शब्दातच आदर आला. इंग्रजी क्रियापदाला असा ‘तुम्ही’चा मान लागत नाही. त्यामुळे ‘परत सांगा’चं सरळ ‘टेल अगेन’ केलं की ते ‘परत सांग’ असं हुकमासारखं ऐकू येतं. पुढे नुसतं ‘प्लीज’ चिकटवलं तरी हुकूम राहतोच. इंग्रजीत आदर येतो तो ‘कुड यू’ने, म्हणजे ‘सांगू शकाल का’ अशा विचारण्याने. ‘व्हॉट?’ तर अजिबात नको. आजीला आपण ‘काय?’ असं तोडून विचारतो का? ‘काय म्हणालात?’ असंच विचारतो ना!

मग काय कळलं नाही, ते आधी स्वतःशी ठरवायचं. ऐकूच आलं नसेल तर ‘सॉरी, कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?’ एखादाच शब्द अडला असेल तर त्या शब्दाचं नाव घ्यायचं: ‘सॉरी, आय ॲम नॉट शुअर व्हॉट इम्पॅक्ट मीन्स.’ आणि अंदाज आला असेल, पण खात्री नसेल, तर तो अंदाजच पुढे ठेवायचा: ‘डू यू मीन…?’ आमच्या मते हा तिसरा प्रकार सगळ्यात कामाचा. यात तुम्हाला किती कळलंय तेही दिसतं आणि बोलणंही थांबत नाही.

परीक्षेच्या कुठल्या भागात आहात, हेही ध्यानात ठेवा. पहिल्या भागात घर, गाव, आवडीनिवडी असे ठरलेले प्रश्न परीक्षक वाचून विचारतात. तिथे प्रश्न पुन्हा ऐकायला मिळेल, पण सोपा करून मिळेल अशी आशा धरू नका. दुसऱ्या भागात विषय कार्डावर लिहून देतात आणि तयारीला एक मिनिट, कागद, पेन्सिल मिळते. कार्डावरचा एखादा मुद्दा कळला नाही तर बाकीच्यांवर बोला. तिसरा भाग गप्पांसारखा असतो. तिथे परीक्षकाला प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडायची मोकळीक असते, म्हणून ‘कुड यू रिफ्रेज दॅट, प्लीज?’ हे तिथे चालतं.

सरावातला एक प्रश्न घेऊ. ‘व्हॉट इम्पॅक्ट डझ टुरिझम हॅव ऑन लोकल पीपल?’ मुलीला टुरिझम आणि लोकल पीपल कळलं, ‘इम्पॅक्ट’ अडला. ती पाच-सहा सेकंद गप्प राहिली, मग करकंबला पर्यटक येतच नाहीत असं म्हणून थांबली. दुसऱ्या खेपेला तिने विचारलं, ‘सॉरी, डू यू मीन हाउ टुरिझम चेंजेस द लाइव्ह्ज ऑफ लोकल पीपल?’ समोरून ‘येस’ आलं आणि तिला पंढरपूर आठवलं. आषाढीला घरोघरी उतरणारे वारकरी, प्रसादाच्या दुकानांचा धंदा, पाण्यावर आणि रस्त्यांवर पडणारा ताण, सगळं ती सलग सांगत गेली. तिचं इंग्रजी तेवढंच होतं.

दोन गोष्टी मात्र टाळा. ‘माय इंग्लिश इज वीक’ असं स्वतःहून सांगू नका. आणि उत्तर झाल्यावर ‘इज इट करेक्ट?’ विचारू नका, परीक्षक ते सांगत नसतात.

घरी सराव करायचा तर जावेला किंवा मुलीला प्रश्न वाचायला सांगा आणि मधला एक शब्द मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलायला लावा. त्या शब्दाला अडून, दोन सेकंदांच्या आत, आदराने विचारायचं. रोज पाच प्रश्न पुरेत.