तीनशे ड्युट्यांचा हिशेब

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सिक्युरिटीचा विषय निघाला की पहिला प्रस्ताव ठरलेला असतो: एजन्सी बदला. रात्री दोनला मागचं गेट मोकळं होतं, डिलिव्हरीवाला नोंद न करता थेट नवव्या मजल्यावर पोचला, बेसमेंटचा गार्ड खुर्चीत घोरत होता. प्रत्येकाकडे एक किस्सा असतो, कुणाकडे फोटोही असतो. ठराव होतो, नवी एजन्सी येते, नवे युनिफॉर्म दिसतात. चार-सहा महिन्यांत मात्र तीच खुर्ची, तीच झोप. याचं कारण बहुतेक वेळा गार्डच्या स्वभावात नसतं. ते एजन्सीनं दिलेल्या कोटेशनमध्ये असतं, आणि सही करताना ते पान कुणी उलटलेलं नसतं.

पुण्यात पिंपळे सौदागरच्या बाजूला आमची मध्यम आकाराची सोसायटी आहे. कमिटीत असताना एका एजन्सीचा करार संपवायचं काम माझ्याकडे आलं होतं. पाच पॉइंट होते: मेन गेटवर दोघे, मागच्या गेटला एक, बेसमेंटमध्ये एक आणि गस्तीला एक. दिवस आणि रात्र अशा बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट. म्हणजे रोज दहा ड्युट्या, आठवड्याला 70, तीस दिवसांच्या महिन्यात 300.

आता साधा भागाकार. प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी दिली, तर एक माणूस आठवड्यात सहा ड्युट्या करतो. 70 ड्युट्यांना 6 ने भागलं की पावणेबाराच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे कुणी आजारी पडलं नाही, कुणी गावाला गेलं नाही, तरी बारा माणसं लागतात. एजन्सीच्या पटावर आमच्या साईटसाठी दहाच होती. आठवड्याला दहा ड्युट्या पहिल्या दिवसापासूनच तुटीत होत्या. त्या भरायचे दोनच मार्ग: पॉइंट रिकामा ठेवायचा, नाहीतर त्याच माणसाला डबल ड्युटीला उभं करायचं. सलग चोवीस तास गेटवर असलेला माणूस पहाटे तीनला झोपला, तर त्याच्यावर चिडून काय करणार? आमच्या एका गार्डनं फार सरळ सांगितलं होतं, “साहेब, रिलीव्हर आलाच नाही. काल सकाळपासून इथंच आहे. डबा पण संपला.”

सुट्टीच्या बदली माणसासाठी कोटेशनमध्ये एक वेगळी ओळ असते, रिलीव्हर चार्ज. सहा दिवस काम आणि एक दिवस सुट्टी या हिशेबानं तो पगाराच्या एक-षष्ठांश, म्हणजे साधारण पावणेसतरा टक्के धरतात. आमच्या कोटेशनमध्ये ही ओळ नव्हतीच. तीन एजन्सींपैकी सर्वात कमी आकडा त्यांचा होता आणि तो कमी का, हे मीटिंगमध्ये कुणी विचारलं नव्हतं. ज्या पैशांची बचत झाली म्हणून टाळ्या पडल्या, तेच पैसे रिलीव्हरचे होते.

तक्रार आणि पुरावा यांत फरक असतो. करार संपवताना, आणि त्याहून जास्त बिलातून पैसे कापताना, व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या संतापाचा उपयोग शून्य. लागतं ते मस्टर. हजेरीचं रजिस्टर नीट पाहिलं तर बरंच बोलतं. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच घाईच्या असतील, तर त्या एका बैठकीत झाल्या आहेत. एकच नाव दिवसपाळीला आणि लगेच रात्रपाळीला दिसलं, की ती डबल ड्युटी. सुपरवायझरचं नाव गार्डच्या ओळीत असेल, तर एका माणसाचे दोनदा पैसे लागले आहेत. यावर उत्तम पडताळा म्हणजे पीएफच्या चलनासोबतची ईसीआर यादी. त्या महिन्यात कोणाकोणाचा पीएफ भरला ते तिच्यात नावानिशी असतं. मस्टरवर आहे पण यादीत नाही, असं नाव निघालं, तर तो माणूस दुसऱ्या साईटवरून एका रात्रीपुरता आणलेला असतो किंवा कागदावरच असतो.

आम्ही एक महिना मस्टर आणि सीसीटीव्ही शेजारी ठेवून पाहिलं. सगळं फुटेज बघायची गरज नसते. शिफ्ट बदलल्यावर अर्ध्या तासानं आणि पहाटे तीनला, प्रत्येक पॉइंटचं एकेक चित्र पुरतं. 300 ड्युट्यांचं बिल आलं होतं. त्यात 29 ड्युट्या पूर्ण रिकाम्या निघाल्या आणि 34 ठिकाणी आधीच्या पाळीचाच माणूस पुढे उभा होता. एकूण 63. दहा माणसांनी सुट्ट्या घेऊन महिन्यात 257 च्या आसपास ड्युट्या होतात, म्हणजे 43 ची तूट नुसत्या गणितातली होती. खरी गैरहजेरी वीसेकच. तिच्याही तारखा बघण्यासारख्या होत्या. त्या पगार झाल्यानंतरच्या तीन-चार दिवसांत दाटल्या होत्या, आणि पगार व्हायचा वीस तारखेच्या पुढे. महिना जून होता, मराठवाड्याकडची पोरं पेरणीला गावी गेली होती. पेरणी दरवर्षी येते, दिवाळी आणि छठही येते. त्याची तजवीज करणं हेच तर एजन्सीला आपण पैसे देतो त्यातलं एक काम.

पैशांचा हिशेब मग अवघड नव्हता. एका पॉइंटच्या एका पाळीचा महिन्याचा दर 21,000 रुपये, म्हणजे ड्युटीला 700. रिकाम्या 29 ड्युट्यांचे 20,300 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी 3,654. हे 23,954 रुपये कापून आम्ही बाकीचं बिल वेळेवर दिलं आणि कापलेल्या रकमेची क्रेडिट नोट मागितली. डबल ड्युट्यांना मात्र हात लावता आला नाही, कारण सलग दुसरी पाळी गैरहजेरी धरावी असं करारात कुठं लिहिलेलं नव्हतं.

सगळं बिलच अडवून धरा, असं सांगणारे दोघंतिघं प्रत्येक कमिटीत असतात. तो मार्ग चुकीचा आहे. ज्या ड्युट्या झाल्या त्यांचे पैसे देणं लागतोच, आणि बिल थांबलं की एजन्सी पहिली कात्री गार्डच्या पगाराला लावते. दंडाचंही तसंच. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप मिळत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं, की लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई. त्यामुळे ‘एका चुकीला पन्नास हजार’ असली कलमं कागदावर रुबाबदार दिसतात, इतकंच.

नोटिशीचा क्रम महत्त्वाचा. आधी कमिटीचा ठराव, इतिवृत्तात नोंदवलेला. मग तारीखवार तक्ता जोडून इशारापत्र आणि सुधारणेसाठी पंधरा दिवस. एजन्सीच्या फील्ड ऑफिसरला बोलावून एक बैठक, तिची टिपणं दोघांच्या सहीनं. आमच्याकडे त्या बैठकीत दोन माणसं वाढवायचं कबूल झालं. एक आला, आठवड्यानं तोही दुसऱ्या साईटवर गेला. त्यानंतर करार संपवण्याची नोटीस, ईमेलनं आणि स्पीड पोस्टानंही.

ही शेवटची नोटीस जितकी छोटी तितकी चांगली. बहुतेक करारांत कारण न देता 30 दिवसांच्या नोटिशीनं करार संपवता येतो. असं कलम असेल तर त्याचा आकडा लिहावा, शेवटची तारीख लिहावी आणि थांबावं. आरोपांची यादी तिथं घातली की प्रत्येक आरोप सिद्ध करायची जबाबदारी आपल्या अंगावर येते. गैरहजेरीचा तक्ता बिल कपातीच्या पत्रात असतोच. आणि सोसायटीत झालेल्या एखाद्या चोरीचा संशय नोटिशीत कधीही लिहू नये. ते पोलिसांचं काम आहे.

नोटीस गेल्यावरचा महिना सगळ्यात कठीण. एजन्सी आपली बरी माणसं हळूच दुसऱ्या साईटवर हलवते आणि उरतात ते कालच भरती झालेले. म्हणून नवी एजन्सी आधी पक्की करायची, नोटीस नंतर द्यायची. खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याखालचं लायसन्स, ज्याला सगळे ‘पसारा’ म्हणतात, ते चालू मुदतीचं आहे का ते पाहायचं. गरज पडली तर नोटिशीच्या काळातच चार माणसं देणार का, हे लेखी घ्यायचं.

करार सहसा महिनाअखेरीला मध्यरात्री संपतो, आणि ताबा देण्याघेण्यासाठी याहून वाईट वेळ नाही. आम्ही कामाच्या दिवशी सकाळी आठची शिफ्ट बदलायची वेळ लेखी ठरवून घेतली. नव्या एजन्सीची दहाही माणसं आदल्या दिवशी जुन्यांसोबत उभी केली. त्या एका दिवसाचे दुप्पट पैसे गेले, पण ते सत्कारणी लागले. किल्ल्यांचा बोर्ड, वॉकी-टॉकी, बूम बॅरियरचे रिमोट, भरलेली रजिस्टरं यांची यादी करून सह्या घेता येतात. टँकर कुठल्या बाजूनं घ्यायचा, फायर पंपाच्या खोलीची किल्ली कुठे असते, कुठल्या आजींना लिफ्टपर्यंत पिशवी उचलून द्यावी लागते, हे कुठल्याच यादीत नसतं. ते शेजारी उभं राहूनच कळतं. गेटवरच्या अॅपचे जुने लॉगिन आणि सीसीटीव्हीचा पासवर्ड मात्र त्याच सकाळी बदलावा.

रहिवाशांचा एक आग्रह असतो: मेन गेटचे जुने काका राहू देत. आमच्याही करारात, बऱ्याच करारांत असतं तसं, एजन्सीचा माणूस ठरावीक काळ परस्पर किंवा दुसऱ्या एजन्सीमार्फत ठेवायचा नाही असं कलम होतं. जुन्या एजन्सीकडून लेखी ना-हरकत मागितली. बिल वेळेवर दिलेलं असल्यामुळे असेल, एका माणसाची मिळाली.

शेवटचं बिल आम्ही लगेच दिलं नाही. त्या महिन्याचे पगार गार्डच्या खात्यात जमा झाल्याचा आणि पीएफ भरल्याचा पुरावा दाखवा, मग चेक, असं कळवलं. एजन्सीनं हे भरलं नाही तर तगादा सोसायटीच्या दारात येऊ शकतो. दोघांचे पगार राहिले होते. चेक अडतोय म्हटल्यावर ते दोन दिवसांत जमा झाले.

नव्या करारात तीन वाक्यं जास्त घातली. पटावर किमान बारा नावं, सलग दुसरी पाळी म्हणजे गैरहजेरी आणि बिलासोबत ईसीआर. दर वाढला, फ्लॅटमागे मेंटेनन्सही थोडा वाढला. सर्वसाधारण सभेत त्यावरून व्हायची ती वादावादी झाली. पहिल्या महिन्याच्या मस्टरवर 300 पैकी चार ड्युट्या रिकाम्या निघाल्या. त्या चारही एजन्सीनं न सांगता बिलातून वजा करून पाठवल्या होत्या.