मदत मागणारे पत्र मराठीत आणताना

फेब्रुवारी-मार्च आला की देणगीची पत्रे घरी येऊ लागतात. आर्थिक वर्ष संपत आलेले असते आणि करात वजावट हवी असणाऱ्यांना संस्थांची आठवण होते, म्हणून संस्थाही तोच मुहूर्त साधतात. यातली बरीच पत्रे मुळात इंग्रजीत लिहिलेली असतात. मराठी वाचकासाठी कोणीतरी ती मराठीत करून देते, आणि मग एक विचित्र गोष्ट घडते. मूळ पत्र साधे आणि मनाला भिडणारे असले, तरी मराठीत ते कधी रडवे होते, कधी दरडावू लागते.

एक नमुना घेऊ. खेड्यापाड्यांत मोतीबिंदूची शिबिरे भरवणाऱ्या नेत्र रुग्णालयाचे पत्र आहे असे समजा. इंग्रजीत त्याची सुरुवात पार्वती नावाच्या एका वृद्धेपासून होते. ती सहा वर्षे प्रकाशाविना जगली, तिने नातवाचा चेहरा पाहिला नव्हता, तुमच्या मदतीशिवाय तिच्यासारख्या अनेकांना कदाचित पुन्हा कधीच दिसणार नाही, एवढेच पहिल्या परिच्छेदात आहे. मराठीत त्याचे साधारण असे होते: ‘गर्द अंधारात पार्वती असहायपणे आयुष्याचे दिवस कंठत होती. लाडक्या नातवाचा निरागस चेहराही तिच्या नशिबी नव्हता. आपण पुढे आला नाहीत, तर अशा हजारो पार्वतींच्या नशिबी कायमचा अंधारच!’

पत्र एका माणसापासूनच का सुरू होते, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण त्यामागे अभ्यास आहे. 2007 साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना पाच डॉलर देऊन त्यातले किती दान कराल असे विचारले. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे वाचायला दिले. त्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकिगत दिली. त्यांनी 2.38 डॉलर दिले. ज्यांना रोकियाची हकिगत आणि आकडे दोन्ही दिले, त्यांची सरासरी 1.43 वर आली. म्हणजे एका माणसाच्या गोष्टीला आकड्यांची जोड दिली की गोष्टीचा जोर वाढत नाही, उलट कमी होतो. आपल्या मराठी मसुद्यात मूळच्या ‘अनेकां’चे ‘हजारो’ झाले आहेत. ती अतिशयोक्ती तर आहेच, शिवाय तिने पत्राचे कामही बिघडवले आहे.

पण मसुद्याचा खरा दोष आकड्यात नाही, अंधारात आहे. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग हळूहळू गढूळ होत जाते. माणसाला धुरकट दिसते, उजेड डोळ्यांवर येतो, रंग फिके पडतात. फार पिकलेल्या मोतीबिंदूतही उजेड कुठून येतो हे बहुधा कळते. ‘गर्द अंधार’ हे वैद्यकीयदृष्ट्याच खोटे आहे. इंग्रजीतले ‘प्रकाशाविना’ही तसे सैलच होते, पण तिथे ते एक शब्दालंकार म्हणून खपून जाते. मराठीत ‘गर्द’, ‘असहाय’, ‘नशिबी’ अशी रास लागली की वाचकाला जुन्या मराठी चित्रपटातले पार्श्वसंगीत ऐकू येऊ लागते आणि तो पत्र बाजूला ठेवतो. विशेषणे काढली की पत्र कोरडे होईल अशी भीती भाषांतरकाराला वाटते. ती काढून त्या जागी काहीच ठेवले नाही, तर ते खरोखरच कोरडे होते.

त्या जागी ठेवायचे ते पार्वतीबाईंच्या दिवसातले. आणि ते भाषांतरकाराने घरी बसून रचायचे नाही. संस्थेला फोन करायचा, शिबिराच्या गावी जाणाऱ्या कार्यकर्त्याशी बोलायचे आणि विचारायचे की या बाईंना नेमके काय जमत नव्हते. कार्यकर्ते हे हटकून सांगतात, कारण त्यांनी ते पाहिलेले असते. समजा, त्याने जे सांगितले त्यावरून परिच्छेद असा झाला:

‘पार्वतीबाई सत्तरीच्या आहेत. सहा वर्षांपासून त्यांना धुरकट दिसत होते. ज्वारी निवडायला बसल्या की खडा हाताला लागेल तेव्हाच कळायचा. एस.टी.ची पाटी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. सूनबाई शेतावर गेल्या की चुलीजवळ जायला त्या धजत नसत. नातू दारात आला, की हाक ऐकूनच ओळखत.’

यात एकही शब्द दया मागत नाही. तरी ‘हाक ऐकूनच’ला वाचक थांबतो. आणि यातले काहीही कोणी खोटे ठरवू शकत नाही. संस्थेकडे असा तपशील नसेल आणि मिळणारही नसेल, तर मूळचे दोनच तथ्य साधेपणाने मांडावेत. कल्पनेने खडे पेरू नयेत.

या परिच्छेदात आणखी एक बदल झाला आहे, तो चटकन लक्षात येत नाही. ‘पार्वती... कंठत होती’चे ‘पार्वतीबाई... धजत नसत’ झाले. इंग्रजीत ‘शी’ एकच असते, ती राणीलाही चालते आणि मोलकरणीलाही. मराठीत निवड करावी लागते. माझ्या पाहण्यातल्या अनेक पत्रांत देणगीदार ‘आपण’ असतात आणि सत्तर वर्षांची बाई ‘ती’ असते. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, पण कोण वर आणि कोण खाली हे त्या क्रियापदातून वाचकाला कळतेच. शाळकरी मुलाबद्दल ‘तो’ बरोबर आहे. वडीलधाऱ्या माणसाला, तो कितीही गरीब असो, गावात ज्या आदराने हाक मारतात तोच आदर पत्रात हवा. मी एक कसोटी नेहमी लावतो: हे पत्र पार्वतीबाईंना, त्यांच्या ओसरीवर, सूनबाईंसमोर वाचून दाखवता येईल का? ‘असहाय’ या शब्दाला आवाज अडखळणार असेल, तर तो शब्द जायला हवा. त्यांची संमती आणि बदललेले नाव हा वेगळा मुद्दा आहे, तो संस्थेने आधीच पाहिलेला असला पाहिजे. नाव बदलले असेल, तर ‘नाव बदलले आहे’ एवढे खाली लिहावे.

आता पैशाचे वाक्य. इंग्रजी पत्रात बहुधा ‘अमुक रकमेतून एकाची दृष्टी परत येऊ शकते’ असे असते. आकडा 2,500 रुपये धरू. भाषांतर होताना ‘शकते’ गळून पडते, कारण त्याशिवाय वाक्य दणदणीत वाटते: ‘आपले 2,500 रुपये एकाला दृष्टी देतील.’ आता हे वचन झाले. आणि ते कोणालाच पाळता येणार नाही. शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. पण त्याच डोळ्याला काचबिंदू असेल किंवा मागचा पडदा खराब झाला असेल, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पूर्ण दिसत नाही. प्रामाणिक वाक्य असे होते: ‘एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला सुमारे 2,500 रुपये खर्च येतो.’ तेही हिशेब पाहणाऱ्याला विचारून लिहायचे. यात भिंग आणि औषधे धरली आहेत, की गावाहून रुग्णाला आणण्या-नेण्याचा खर्चही? आणि पैसे एकाच रुग्णाच्या नावे जातात, की सगळ्या शिबिरांच्या खात्यात? बहुधा दुसरे असते. मग ‘जमलेल्या देणग्यांतून सर्व शिबिरांचा खर्च केला जातो’ ही ओळ लहान अक्षरांत न लपवता परिच्छेदातच घ्यावी. तिने कोणी पळून जात नाही.

यानंतर येते प्रत्यक्ष मागणी. इंग्रजीत ‘अ‍ॅक्ट नाऊ’ ही ठरलेली आरोळी आहे. तिथला वाचक तिला इतका सरावला आहे की ती त्याला टोचत नाही. मराठीत ‘त्वरित कृती करा’ हे सरकारी परिपत्रक वाटते, आणि ‘आजच पुढे या, उशीर करू नका’ म्हणजे निवडणुकीचा भोंगा. ‘आपण पुढे आला नाहीत, तर...’ हा तर उघड दबाव झाला, कारण त्यात न देणाऱ्याच्या माथी एका अनोळखी बाईचे आंधळेपण मारले जाते. मराठीत विनंतीचे रूप तयार आहे: ‘पुढच्या महिन्यात तीन गावांत शिबिरे आहेत. त्यांच्या खर्चाला आपण हातभार लावाल का?’ शिबिराची तारीख खरी असेल, तर तीच घाई पुरेशी आहे. ‘आपल्याच कृपेने’ असली स्तुतीही टाळावी, तो दबावाचाच गोड प्रकार आहे. ‘आगाऊ धन्यवाद’चेही तेच. अजून हो म्हटलेले नसताना मानलेले आभार माणसाला अडकवतात.

रकमेच्या चौकटींखाली ‘अथवा आपल्याला जमेल ती रक्कम’ असावेच. मराठी माणसाला लहान रकमेची लाज वाटू न देण्याची जुनी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभारला, तो नावाप्रमाणे एकेका पैशाच्या वर्गणीवर, आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला.

कराचा मजकूर इंग्रजीतून जसाच्या तसा आणला की हमखास चुकतो. ‘टॅक्स डिडक्टिबल’चे ‘करमुक्त’ केलेले मी पाहिले आहे, आणि त्याने दात्याचा पूर्ण गैरसमज होतो. ‘80जी’ म्हणून लोकांना ठाऊक असलेली सवलत ही वजावट आहे. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. नव्या करप्रणालीत जाणाऱ्यांना ती मिळत नाही, आणि 2,000 रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीलाही मिळत नाही. ही माहिती ताजा कलाच्या जागी छान बसते. इंग्रजी देणगीपत्रात ‘पी. एस.’ ही शेवटची भावनिक धडक असते, कारण वाचक बहुधा ती ओळ आधी पाहतो. मराठी ‘ता. क.’ घरगुती असतो, त्यात काहीतरी उपयोगाचे सांगितलेले शोभते.

मूळ पत्राच्या तळाला बारीक अक्षरांत आणखी एक ओळ बहुधा असते: यापुढे अशी पत्रे नको असतील, तर कळवा. जागा वाचवण्यासाठी भाषांतरकार ती सर्रास गाळतात. ब्रिटनमध्ये 2015 साली देणगीपत्रांच्या भडिमारावर मोठा गदारोळ झाला, पुढच्या वर्षी देणगी-संकलनावर नजर ठेवणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि 2017 पासून तिथल्या नागरिकाला एकाच ठिकाणी नाव नोंदवून नको त्या संस्थांची पत्रे थांबवता येऊ लागली. आपल्याकडे अशी सोय नाही. म्हणून ती ओळ मराठी पत्रात राहायलाच हवी, आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत.