सात हजारांचा बोनस आणि पगारातला हिशेब

राधानगरी तालुक्यातल्या कितीतरी घरांतली पोरे शेती सांभाळून गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल इकडच्या कारखान्यांत कामाला जातात. दिवाळीच्या तोंडावर घरात बोनसचा विषय निघतो. पोरगा म्हणतो, "पगार पंधरा हजार, म्हणजे बोनसही पंधरा हजार." कारकून सांगतो, "कायद्यात सात हजारच आहे." कैक वेळा दोघांचेही चुकलेले असते. म्हणून हा हिशेब नीट उलगडून पाहू.

बोनसचा कायदा 1965 सालचा. त्यात सुरुवातीपासून दोन मर्यादा होत्या आणि सगळा घोळ त्या एकमेकींत मिसळल्याने होतो. पहिली मर्यादा बोनस कोणाला मिळेल याची. दुसरी मर्यादा बोनस कितीवर मोजायचा याची. पहिली 2015 च्या दुरुस्तीने महिना 21,000 रुपये झाली. दुसरी पूर्वी 3,500 होती, ती 7,000 झाली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2014 पासून लागू धरली गेली. म्हणजे पगार 21,000 च्या आत असेल तर माणूस बोनसला पात्र. पण पगार 7,000 च्या वर असला, तरी तो 7,000 च आहे असे समजून टक्केवारी काढायची.

इथपर्यंत कारकुनाचे बरोबर आहे. पण त्याच दुरुस्तीत चार शब्द वाढवले, आणि नेमके तेच पुष्कळ ठिकाणी वाचायचे राहून जातात. 7,000 रुपये किंवा त्या कामाचे किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते धरावे, असे कायदा म्हणतो. 1965 मध्ये हा पाया 750 होता, मग 1,600, मग 2,500, मग 3,500. महागाई पुढे पळायची आणि आकडा मागे राहायचा. किमान वेतनाची जोड दिल्यावर आकडा वाढीबरोबर आपोआप चालू लागला. हे माझ्या मते त्या दुरुस्तीतले सर्वांत उपयोगाचे काम.

आता उदाहरण घेऊ. वर्ष 2023-24, एप्रिल ते मार्च. समजा पोरगा बारा महिने कामावर होता. पगारपत्रकावर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000, शिवाय घरभाडे 1,500 आणि ओव्हरटाइम 1,000. बोनससाठी घरभाडे आणि ओव्हरटाइम सोडायचे, राहिले 15,000. हे 21,000 च्या आत, म्हणजे तो पात्र. त्याच्या उद्योगातल्या त्याच्या श्रेणीचे किमान वेतन 12,000 आहे असे धरू. 12,000 हे 7,000 पेक्षा जास्त, म्हणून पाया 12,000. वर्षाचे झाले 1,44,000, आणि किमान दर 8.33 टक्क्यांनी बोनस 11,995 रुपये. कारकुनाने 7,000 धरले असते तर 6,997 आले असते. पोराच्या खिशातून पाच हजार जवळजवळ गेले असते! आणि 15,000 वर पंधरा हजार मागणेही कायद्यात बसत नाही. मालकाने आपखुशीने दिले तर गोष्ट वेगळी.

8.33 टक्के म्हणजे वर्षातला बारावा भाग, एका महिन्याचा पगार. नफ्याप्रमाणे तो 20 टक्क्यांपर्यंत जातो, पण पाया तोच राहतो. वर्षात निदान 30 दिवस काम झालेले असावे लागते. पाच महिनेच काम असेल तर पाच महिन्यांच्या पायावर, म्हणजे वरच्या उदाहरणात 4,998. भरपगारी रजेचे दिवस हजेरीत धरतात. बिनपगारी खाड्यांचे मात्र कमी होतात. दसऱ्याला बोनसपोटी उचल घेतली असेल तर ती वजा होते.

किमान वेतनाचा आकडा मात्र जपून पाहावा. महाराष्ट्रात तो उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा श्रेणीप्रमाणे वेगळा असतो. मूळ दरात विशेष भत्ता मिळवावा लागतो आणि तो भत्ता जानेवारीत व जुलैत बदलतो. त्यामुळे एकाच वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांना निरनिराळा पाया लागू शकतो. मशीन चालवणाऱ्याला अकुशल दाखवले की बोनसही घटतो. ठेकेदाराकडच्या माणसाने हे आधी पाहावे.

खूण सोपी आहे. पूर्ण वर्ष भरले असून पाकिटात 6,997 किंवा बरोबर सात हजार निघाले, तर किमान वेतन पाहिलेच नाही असा संशय घ्यावा. हिशेबाचा कागद मागावा. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेरच्या वर्षासाठी 30 नोव्हेंबरपर्यंत, रक्कम देणे बंधनकारक होते. कारखान्यात बोलून भागले नाही तर कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात पगारपत्रके घेऊन जावे.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात मर्यादेचे आकडे सरकार अधिसूचनेने ठरवते, आणि पाया ठरलेली रक्कम किंवा किमान वेतन, जे जास्त ते, हा नियम तसाच ठेवला आहे. तेव्हा यापुढे दिवाळीच्या आधी दोन कागद शेजारी ठेवावेत: पोराचे पगारपत्रक आणि त्याच्या उद्योगाचे किमान वेतनाचे पत्रक.